ब्रेडबोर्ड कॉम्प्युटर, नोंद ९: चौदाच्या जागी पाच

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की बेरीज चालू झाली. झाली होती, खोटं नाही. पण शंभर वेळा चालवलं की पाच-सात वेळा ५ अधिक ९ चं उत्तर डिस्प्लेवर ५ यायचं. १३ नाही, १५ नाही, एखादा बिट उडाला असंही नाही. स्वच्छ, ठणठणीत ५. तीन रविवार या पाचामागे गेले, म्हणून ही नोंद फक्त त्याच्याबद्दल.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात रचना. पायऱ्या मोजायला 74HC393 काउंटर, त्याचे तीन बिट 74HC138 डिकोडरला, आणि डिकोडरची आउटपुटं एकेका पायरीचं काम करतात. पायऱ्या पाच, ० ते ४. पायरी ० रिकामी. पायरी १ मध्ये संख्या ए आणि बी रजिस्टरांत जातात. पायरी २ मध्ये बेरीज बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारांवर येते आणि आउटपुट रजिस्टर ती उचलतं. पायरी ३ मध्ये ए रजिस्टर आपली संख्या बसवर ठेवतं, ती पायरी ४ संपायच्या आत मेमरीत जाते. आउटपुट रजिस्टर होतं 74HC574, आणि इथेच मी शहाणपणा केला होता: डिकोडरचं दोन नंबरचं आउटपुट थेट त्याच्या क्लॉक पिनला. आउटपुट पायरी २ मध्ये खाली जातं, पायरी संपली की वर येतं, त्या रायझिंग एजला रजिस्टर भरतं. एक गेट वाचलं म्हणून खूश होतो.

चूक दिसल्यावर सगळे करतात तेच मीही केलं, क्लॉक कमी केला. १ मेगाहर्ट्झवरून १ किलोहर्ट्झ, मग १ हर्ट्झ. दर सेकंदाला एक पायरी, एलईडी बघत बसा. आणि तरीही शंभरात पाच-सात. इथे मी जरा थांबून विचार करायला हवा होता. सर्किटला वेळ पुरत नसेल तर क्लॉक हळू केल्यावर चूक जायला हवी. एका सेकंदात तर सगळंच स्थिर होतं. हळू करूनही चुकांचं प्रमाण हलत नसेल, तर वेळ कमी पडतोय हे कारणच नाही. पण मी विचार केला नाही, तारा खोचत बसलो.

लॉजिक अ‍ॅनालायझरनेही दिशाभूल केली. माझा यूएसबीवाला आहे, २४ मेगाहर्ट्झने सँपल घेतो, म्हणजे दोन नजरांमध्ये सुमारे ४२ नॅनोसेकंदांचं अंतर. मधल्या काळात वायरवर काय झालं ते त्याला माहीतच नाही. नंतर स्कोपवर जो पल्स सापडला तो ७ नॅनोसेकंदांचा होता, म्हणजे सहातून एकदा दिसला तर दिसला. एकदा खरंच दिसला होता. मी नॉइज म्हणून सोडून दिला.

शेवटी एका मित्राचा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप उसना आणला. पायरी ३ वरून ४ वर जाताना ट्रिगर लावला आणि दोन नंबरच्या आउटपुटवर प्रोब ठेवला. जे आउटपुट एक पायरी आधीच वर येऊन गप्प बसायला हवं होतं, ते तिथे पुन्हा खाली बुडी मारून वर येत होतं. गंमत म्हणजे प्रोब लावल्यावर चुकांचं प्रमाण घटलं. प्रोबची दहा-बारा पिकोफॅरड कपॅसिटन्सही त्या बारक्या पल्सला बोथट करायला पुरत होती.

आता हे खोटं २ आलं कुठून? 74HC393 हा रिपल काउंटर आहे. आत प्रत्येक फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट पुढच्याचा क्लॉक असतं, त्यामुळे बिट एकदम बदलत नाहीत, एकामागून एक बदलतात. ३ वरून ४ वर जाणं कागदावर एक उडी आहे. वायरवर ते असं घडतं: ०११, मग ०१०, मग ०००, मग १००. म्हणजे ३, २, ०, ४. मधले टप्पे काही नॅनोसेकंदांचेच, पण डिकोडरला ते मधले आहेत हे कोण सांगणार? त्याने इमानदारीने ०१० पाहिलं आणि दोन नंबरचं आउटपुट खाली ओढलं. त्या वेळी बसवर अजून पायरी ३ ची संख्या होती, म्हणजे ए रजिस्टरमधले ५. खोट्या पल्सची रायझिंग एज आली आणि १४ वर ५ बसले. चूक नेहमी ५ च का, याचं उत्तर मिळालं. बाकीची रजिस्टरं का बचावली तेही कळलं: १ वरून २ वर जाताना मध्ये ० येतो, ३ वरून ४ वर जाताना २ आणि ० येतात. पायरी ० रिकामी. सापडलं ते फक्त २ वालं.

दर वेळी का चुकत नव्हतं, हे डेटाशीट सांगतं. 574 चा क्लॉक पल्स ४.५ व्होल्टला निदान १६ नॅनोसेकंद रुंद हवा, अशी कंपनीची अट आहे. त्याहून अरुंद पल्स आला तर चिप तो पाळेल की दुर्लक्ष करेल, याचं वचन कुणी देत नाही. माझा ७ चा पल्स बरोबर त्या बेभरवशाच्या पट्ट्यात होता.

मी आधी एक वाईट उपाय केला, तोही कबूल करतो. त्या लाइनवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ठोकला. चूक गेली, नोंद लिहायला बसलो. मग दुसऱ्या कामासाठी 138 काढून दुसऱ्या कंपनीचा लावला आणि पाच परत हजर.

खरी गोष्ट अशी की आपण डिजिटल सर्किट काढताना वेळेबद्दल एक करार गृहीत धरतो. वायरवरचं मूल्य फक्त क्लॉकच्या एजच्या आसपास मोजायचं: एजच्या आधी सेटअप टाइम, नंतर होल्ड टाइम, तेवढी बारीक खिडकी. खिडकीबाहेर वायर २ म्हणो, ० म्हणो, अर्धवट व्होल्टेजवर लोंबकळो, तिकडे कुणी बघत नाही. या करारामुळेच "३ नंतर ४" असं बेधडक म्हणता येतं. पण हे संरक्षण डेटा आणि एनेबल पिनांना आहे, क्लॉक पिनला नाही. कधी बघायचं हे तोच ठरवतो, त्यामुळे तिथे आलेली प्रत्येक एज खरी. मी डिकोडरचं आउटपुट, म्हणजे जे फक्त खिडकीतच वाचायचं होतं, ते क्लॉक म्हणून जोडलं होतं. १ हर्ट्झवर चूक का टिकली तेही यातच आलं: क्लॉक कितीही हळू करा, ३ वरून ४ वर जाताना ती बुडी तेवढीच रुंद असते.

कोडमध्ये फरक दोन ओळींचा आहे. y2_n म्हणजे डिकोडरचं दोन नंबरचं आउटपुट. आधी जे होतं ते:

```verilog
always @(posedge y2_n)
    out <= bus;
```

आणि जे हवं होतं ते:

```verilog
always @(posedge clk)
    if (!y2_n) out <= bus;
```

माझ्या सिम्युलेशनमध्ये पहिलं रूपही बिनबोभाट चाललं होतं. तिथे काउंटर `step <= step + 1` असा लिहिलेला, तीनही बिट एका क्षणी बदलतात, मधलं २ जन्मालाच येत नाही.

ब्रेडबोर्डवर 574 काढून 74HC377 लावला. क्लॉक ११ नंबरच्याच पिनवर, आणि १ नंबरच्या पिनवर एनेबल. बाकी पिनांची मांडणी वेगळी, त्यामुळे डेटाच्या सोळा तारा नव्याने ओढाव्या लागल्या. डिकोडरचं दोन नंबरचं आउटपुट आता एनेबलला, आणि क्लॉक पिनला मुख्य क्लॉक, मध्ये काहीही नाही. 377 चं एनेबल रायझिंग एजच्या आधी सेटअप टाइमपुरतं स्थिर असलं की झालं. 393 फॉलिंग एजला मोजतो, म्हणून त्याचा सगळा गोंधळ फॉलिंग एजनंतर उरकतो आणि रजिस्टर अर्धा क्लॉक उलटल्यावर बघतं.

यात आणखी एक लपलेलं दुखणं गेलं. जुन्या जोडणीत दोन नंबरच्या आउटपुटची एकच एज रजिस्टरही भरत होती आणि बेरजेला बसवरून उतरवतही होती. 574 ला एजनंतर ५ नॅनोसेकंद डेटा टिकून हवा असतो, आणि तो टिकत होता, कारण बेरीज बसवर सोडणारा बफर बंद व्हायला थोडा उशीर लावतो. नशिबावर चाललं होतं. आता डेटा एजनंतर अर्धा क्लॉक जागेवर असतो.

ग्लिच, म्हणजे तो खोटा पल्स, मी घालवलेला नाही. स्कोपवर तो आजही तिथेच आहे, तेवढाच रुंद. दोन हजार बेरजा चालवल्या, एकही ५ नाही.

मग वेग. आता मर्यादा खरोखर वेळेची आहे, ती मोजता येते. फॉलिंग एजपासून काउंटरचा तिसरा बिट स्थिर व्हायला सुमारे ४५ नॅनोसेकंद, डिकोडरला ३६, बेरजेचा बफर बसवर यायला ४५, 377 च्या सेटअपला २०. सगळे आकडे डेटाशीटच्या कमाल रकान्यातले. बेरीज १४६. हे अर्ध्या क्लॉकमध्ये बसवायचं, म्हणजे पूर्ण क्लॉक ३०० धरला तर ३.३ मेगाहर्ट्झ. सिग्नल जनरेटरने वाढवत नेलं तेव्हा ५ मेगाहर्ट्झपर्यंत उत्तर बरोबर होतं, पुढे ६, १२, काहीही यायला लागलं. कमाल रकाना सावध असतो, त्यामुळे हे अपेक्षितच. या वेळी क्लॉक थोडा कमी केला की चूक लगेच गेली. आता मी हीच पहिली चाचणी करतो: हळू केल्यावर जाते की नाही. गेली तर सेटअप, नाही गेली तर क्लॉक पिन किंवा होल्ड.

एक जागा उरली आहे. पायऱ्या पाचवर थांबाव्यात म्हणून डिकोडरचं पाच नंबरचं आउटपुट उलटं करून 393 च्या रीसेटला जोडलंय. रीसेट असिंक्रोनस आहे, म्हणजे तोही क्लॉक पिनसारखा कराराबाहेरचा. खोटा ५ येऊन रीसेट होण्याची भीती मला नाही, कारण एकाहून जास्त बिट बदलताना सगळ्यात खालचा आधी शून्य होतो, त्यामुळे मधल्या खोट्या अवस्था सगळ्या सम असतात. भीती उलटी आहे. १०१ पुसताना खालचा बिट आधी पुसला गेला तर ५ नाहीसा होतो, रीसेट सुटतो, आणि वरचा बिट पुसायचा राहून काउंटर ४ वर पडू शकतो. अजून तसं झालेलं दिसलं नाही, पण चुकीचं ५ उत्तरही सुरुवातीला दिसलं नव्हतं. 74HC163 काउंटर मागवला आहे. त्याचा क्लिअर क्लॉकच्या एजलाच वाचला जातो, मात्र तो रायझिंग एजला मोजतो, म्हणून त्याला क्लॉक उलटा करून द्यावा लागेल. आणि क्लिअरला मग पाचचं नाही, चारचं आउटपुट जोडायचं.