वॉशिंग मशीन: ५,८०० की २७,५००?

आज शेवटी मशीन चालू झाली. गेले दोन आठवडे डोक्यात नुसते आकडेच फिरत होते, ते विसरायच्या आधी लिहून ठेवते.

मशीन आमची फ्रंट लोड, ७ किलोची, आठ वर्षं झाली घेऊन. जुलैपासून स्पिनला आवाज येऊन राहिला होता, आधी नुसती घरघर आणि मग इतका की खालच्या काकूंनी विचारलं, "काय गं, वर पिठाची चक्की टाकली काय?" मी आपली आज बघू उद्या बघू करत राहिले, आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मशीनच्या मागे फरशीवर तपकिरी पाण्याचा ओघळ दिसला. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पावसाचे दिवस, घरात पाच माणसं, स्पिनशिवाय कपडे वाळणार कुठे? उन्हाळा असता तर गच्चीवर टाकले की झालं.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. त्याने दार उघडलं, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवली आणि मलाही करून बघायला सांगितलं. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही सोबत हलले तर चिंता नाही, कारण तो सगळा संच स्प्रिंगवरच लटकलेला असतो, पण आमचा ड्रम टबाच्या आत एकटाच खटखट हलत होता. म्हणजे बेअरिंग गेलं. हाताने फिरवला तर वाळू भरल्यासारखी खरखर. त्याने एस्टिमेट दिलं ११,४०० रुपयांचं, कारण ते बेअरिंग वेगळं बदलत नाहीत, ड्रम आणि टब अख्खा सेटच बदलतात, आणि वर म्हणाला, "मॅडम, आठ वर्षं झाली, नवीनच घ्या."

मग आम्ही त्याच संध्याकाळी धरमपेठेत दुकानात जाऊन आलो. तशीच ७ किलोची नवीन मशीन २८,००० ला, स्टँडचे १,०००, जुनी दिली तर १,५०० कमी, म्हणजे हातातून जाणार २७,५००. यांचं म्हणणं, अकरा हजार जुन्यात कशाला घालायचे. आईंचं (सासूबाईंचं) म्हणणं, मशीन धुते तर चांगली, काहून फेकायची? दोघांचंही पटत होतं, म्हणून मी रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला.

नवीन मशीन दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला पडतात २,७५० रुपये. मग रिपेअरचा खर्च भागिले २,७५० केलं की कळतं, दुरुस्त केलेली मशीन अजून किती वर्षं चालली तर पैसे वसूल. ११,४०० ला हे उत्तर आलं चार वर्षांच्या थोडं वर. म्हणजे आमची मशीन बारा वर्षांची होईपर्यंत चालली पाहिजे, आणि मधे सर्किट बोर्ड किंवा ड्रेन पंप गेला तर तो खर्च अजून वेगळा. एवढी खात्री मला नव्हती. त्या रात्री खरं तर नवीन घ्यायचं ठरलंच होतं.

पण शेजारच्या दादांनी सक्करदऱ्याच्या एका मेकॅनिकचा नंबर दिला. हे भाऊ चाळीस वर्षांचे असतील, फार बोलत नाहीत. त्यांनी सगळ्यात आधी मागचं झाकण काढून टबाची कड टॉर्चने पाहिली, की दोन भाग स्क्रूने जोडलेत की वेल्डिंग करून कायमचे चिकटवलेत. चिकटवलेला टब असेल तर तो नीट उघडत नाही आणि मग अख्खा सेटच घ्यावा लागतो. आमचा स्क्रूचा निघाला. तिथेच सगळं बदललं.

"ताई, दोन बेअरिंग आणि सील १,४००, मजुरी १,८००. पण स्पायडर कसा आहे ते उघडल्यावरच कळन, तो बदलावा लागला तर २,६०० अजून." म्हणजे ३,२०० किंवा ५,८००. मी विचारलं आत्ताच नक्की सांगा ना, तर म्हणाले न पाहता सांगितलं तर ते खोटं होईल. मला हे फार आवडलं.

स्पायडर म्हणजे ड्रमच्या मागे बसवलेला तीन हातांचा ॲल्युमिनियमचा भाग, त्याच्या मधोमध स्टीलचा शाफ्ट, आणि तो शाफ्ट दोन बेअरिंगमध्ये फिरतो. पुढे रबरी सील असतं, पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून. आधी सील झिजतं, मग पाणी आत शिरतं, ग्रीस निघून जातं, गंज चढतो, आणि मग कुठे आपल्याला आवाज येतो. म्हणजे मी जुलैत आवाज ऐकला तेव्हाच पाणी आत जाऊन राहिलं होतं. तेव्हाच बोलावलं असतं तर कदाचित स्पायडर वाचला असता, ही खंत आहेच.

टब उघडल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, इथे नख फिरवा. शाफ्टवर सील जिथे घासतं त्या गोल पट्टीवर मी नख फिरवलं तर ते चक्क खाचेत अडकलं. अशा खाचेवर नवीन सील बसवलं तरी पाणी परत तिथूनच जाणार आणि चार-सहा महिन्यांत नवीन बेअरिंगही खराब. शिवाय स्पायडरच्या हातांवर पांढरी भुकटी आणि खड्डे, बोटाने खरवडलं तर थर निघत होता. साबण आणि पाण्याने ॲल्युमिनियम असं खाल्लं जातं म्हणे, आणि हात कधी भर स्पिनमध्ये तुटला तर ड्रम टबच फोडतो. म्हणजे ३,२०० चा पर्याय संपला, ५,८०० च.

परत तोच भागाकार केला. ५,८०० भागिले २,७५०, म्हणजे दोन वर्षं आणि जेमतेम एक-दीड महिना. पंचवीस महिने धरले. एवढं तर ही मशीन चालेल असं मला वाटलं, कारण मोटर गुळगुळीत फिरते, बोर्डाने आजवर एकदाही त्रास दिला नाही, पत्र्याला गंज नाही. नवीन मशीनवर दहा वर्षांची वॉरंटी होती खरी, पण नीट वाचलं तर ती फक्त मोटरची, बाकी सगळ्याची दोनच वर्षं. हे वाचून यांचंही मन वळलं. भाऊंना हो सांगितलं.

सामान आणायला एक दिवस गेला कारण मधे मारबत आली आणि इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. बेअरिंग त्यांनी माझ्यासमोर बंद पाकिटातून काढले, जुन्यावरचा नंबर आणि नव्यावरचा नंबर जुळवून दाखवला. बिलावर मी सील आणि गळतीची सहा महिन्यांची गॅरंटी लिहून घेतली. जुना स्पायडर मागून ठेवून घेतला, बाल्कनीत पडला आहे.

आज सकाळी रिकामी चालवली, मग टॉवेल टाकून ८०० वर स्पिन. आई हॉलमध्ये बसल्या होत्या, त्यांना कळलंच नाही कधी झालं. मशीनखाली मी वर्तमानपत्र पसरून ठेवलंय, दोन वेळा धुऊनही कोरडंच आहे. उद्या चादरी टाकते, जड कपड्यातही तसंच कोरडं राहिलं म्हणजे मग कागद काढेन.