भांडण नसलेला निरोप लिहिताना

माझ्या कथेतले निखिल आणि वैशाली चार वर्षं एकत्र होते आणि शेवटी त्यांना वेगळं व्हायचं होतं. दोघंही भली माणसं. हा एक प्रसंग लिहायला मला तीन महिने लागले.

पहिल्या खर्ड्यात मी घाबरून निखिलला थोडा वाईट केला. तो तिचा वाढदिवस विसरतो, फोन उचलत नाही वगैरे. आमच्या आत्याने वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं सुटली बया!" वाचणाऱ्याला सुटका वाटली, म्हणजे ताटातुटीचं दुःख गेलंच.

दुसऱ्या खर्ड्यात निखिलला सुधारला आणि कारण बदललं. त्याला पुण्यात नोकरी लागते, तिला सोलापूर सोडायचं नाही. यावर आत्या हसली. "अगं, सकाळी हुतात्मा पकडली की चार तासांत पुणं. एवढ्यासाठी कोण सोडतं?" तिचं खरं होतं. माणसं भली असतील तर ती मधला मार्ग काढणारच, आणि वाचकही त्यांच्या वतीने तो शोधत बसतो. म्हणून कारण असं हवं होतं की ज्याचं अर्धं-अर्धं करताच येणार नाही. मी ठरवलं, निखिलला मूल हवं आहे, वैशालीला नको. अर्धं मूल होत नाही.

कारण पक्कं झालं तरी प्रसंग निरोप समारंभासारखाच वाचला जात होता. "तू खूप चांगली आहेस", "तूही". दोघं समोरासमोर बसून बोलत होते, हीच अडचण होती. मग त्यांना मी पाण्याच्या दिवशी आणलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी पहाटे. बॅरल, हंडे, कळश्या भरेपर्यंत कुणाला बसायला मिळत नाही. आता वाक्यं तुटायला लागली, मोटरच्या आवाजात काही शब्द पुन्हा बोलावे लागले, आणि तिची पाठ दुखते म्हणून जड हंडा त्याने न सांगता उचलला. त्याचा चांगुलपणा सांगणारी चार वाक्यं मला त्यामुळे खोडता आली.

पण खरी गाठ पुढे होती. भला माणूस अशा वेळी काय करतो? स्वतःचं सोडून देतो. निखिल म्हणणारच, "नको मूल. मला चालेल." हे वाक्य मी महिनाभर टाळत होते, कारण ते आलं की कथा संपते, दोघं एकत्र राहतात. शेवटी ते लिहूनच टाकलं आणि वैशालीला उत्तर शोधायला लावलं. उत्तर कथेच्या आधीच्या भागात सापडलं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मिरवणुकीतले नंदीध्वज दिसावेत म्हणून निखिल मित्राच्या पोराला खांद्यावर घेतो, असा एक परिच्छेद मी नुसता वातावरणासाठी लिहिला होता. आता वैशाली कळशीतून पाइप काढत म्हणते, "त्या पोराला खाली उतरवलंस, पण त्याचा हात लगेच सोडला नाहीस. मी बघत होते."

यात आरोप नाही. तिने त्याला नीट पाहिलंय, एवढंच. म्हणून तो तिच्याशी खोटं बोलू शकत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर सगळा निर्णय वैशालीचा आणि निखिल बिचारा झाला असता. म्हणून एक नकार त्यालाही दिला. ती म्हणते, "दोन वर्षं थांबू. बदलेल माझं मन." आणि तो म्हणतो, "मग दोन वर्षं मी रोज तुझ्या तोंडाकडे बघणार, बदललं का म्हणून. तसं नाही जगायचं तुला." प्रत्येकाने दुसऱ्याचा त्याग परत केला, तेव्हा कुठे प्रसंग दोघांचा झाला.

तपासायला मी एक साधी युक्ती केली. आधी निखिलची सगळी वाक्यं झाकून फक्त वैशालीची वाचली, मग उलट. ज्याची झाकली तो दोषी वाटायला लागला, तर दुसऱ्याच्या वाक्यात कुठेतरी टोमणा लपलाय. दोन सापडले, दोन्ही वैशालीच्या तोंडी. (माझाच स्वभाव.) "सॉरी" सात वेळा होतं, एकच ठेवलं, तेही पाणी सांडल्याबद्दल.

शेवटी मिठी होती, ती काढली. आता निखिल मोटर बंद करतो आणि सवयीने म्हणतो, "पुढचं पाणी शनिवारी. मी येतो…" आणि थांबतो. वैशाली म्हणते, "शेजारच्या काकू उठवतील मला."

आत्याने कागद खाली ठेवले. या वेळी कुणाची बाजू घेतली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या मोटरचं बटण फार वर आहे का गं? तिचा हात पोचतो ना?"