माप बसलं आणि काकीचे खांदे खाली आले

सापडलं एकदाचं. नणंद विकायला कुर्ते शिवते आणि मी त्यांचे फोटो घरच्या-शेजारच्या बायकांवर काढते. तीन रविवार मी पोझच्या मागे लागले होते आणि दोष निघाला कुर्त्याच्या पाठीत.

मागच्या वेळच्या फोटोंत नणंदेनं शिवलेला पांढरा सुती कुर्ता, निळ्या धाग्याचा गळा, अंगात आमची शेजारची काकी. उंची चार फूट अकरा इंच, छाती ४६. जन्म वेंगुर्ल्याचा आणि बोलायला लागली की बाजार हसतो अशी बाई, पण फोटोत दुकानाच्या दारातल्या पुतळ्यासारखी ताठ. दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, "हात खंय ठेवू गो?" मी सांगायचे, कमरेवर ठेव, ओढणी धर, खांबाला टेक. प्रत्येक वेळी हात तिथे जायचा आणि बाकीचं अंग आणखी आखडायचं. "अगं काकी, सहज उभी राहा," असं म्हटलं की संपलंच. सहज राहा म्हटल्यावर कुणी सहज राहिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सॅम्पल एकाच मापाचा होता, ३८ छातीचा, चार इंच लूज धरून तयार ४२. तो काकीला बसणार नाही हे उघड होतं, म्हणून आम्ही एका सॅम्पलचा बळी दिला. पाठ मधोमध उभी कापली आणि मधल्या फटीत पट्टी घालून पिना लावल्या. दुसरी मॉडेल माझी भाची, तिची गत उलटी. ती पाच फूट सहा, छाती ३२, म्हणून तिच्या पाठीवर सात क्लिपा. कॅटलॉगवाले हेच करतात, समोरून कपडा झकास दिसतो. पण मागे हे रामायण असल्यावर ती बाई वळणार कशी, बसणार कशी, हात वर करणार कशी? काकी माझ्याकडे छाती करून, पाठ लपवून उभी राहायची. भाचीला श्वास घेतला की क्लिप टोचायची. पुतळ्याची पोझ मी दोघींना देत नव्हते, ती पाठीमागच्या पिना आणि क्लिपा देत होत्या.

हे कळलं ते गंमतीनंच. शूट संपलं, काकीनं सॅम्पल उतरवून स्वतःचा घरचा गाऊन चढवला आणि पडवीच्या पायरीवर अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, करत बसली. एक पाय खालच्या पायरीवर, मान जराशी कललेली. जी पोझ मी तीन रविवार मागत होते ती फुकट समोर बसली होती. कॅमेरा पिशवीत गेला होता, अर्थात.

मग ठरवलं की काकीला काकीच्या मापाचा कुर्ता. नणंद आधी कुरकुरली, एका फोटोसाठी अडीच मीटर कापड कोण घालवतं म्हणून. पण विकायला ४६ ठेवायचा असेल तर तो कधीतरी कापून बघावाच लागेल की. तिनं नेहमीच्या पद्धतीनं ३८चा कापणीचा कागद घेतला आणि चार साइज वाढवला, दर साइजला छातीत दोन इंच, खांद्यात अर्धा इंच. तयार छाती ५० झाली. लूज तोच, चार इंच. आम्ही दोघी खूश.

घातल्यावर खुशी उतरली. खांदा साडेचौदाचा साडेसोळा झाला होता आणि काकीचा मोजला तर पावणेपंधरा. अंग वाढतं तेव्हा हाडं त्याच हिशेबानं रुंदावत नाहीत. दोन्ही बाजूंना पाऊण-एक इंच शिवण दंडावर उतरली, गळा घसरायला लागला, आणि काकी तो सावरायला खांदे वर उचलून धरू लागली. म्हणजे पिना गेल्या तरी पुतळा तिथंच. शिवाय पुढचा घेर मागच्यापेक्षा दीड इंच वर गेला. छाती आणि पोट कापडाची लांबी खातं, तेवढं पुढून उचललं जातं. त्यानं बाजूच्या शिवणी पुढे ओढल्या गेल्या आणि दोन्ही बाजूंचे कट उलट्या व्ही-सारखे फाकले. मी याआधी हे फोटोत कोन बदलून लपवायचे. आता लाज वाटते.

दुसऱ्या कापणीत नणंदेनं खांदा पावणेपंधराला आणला आणि मुंढा त्याप्रमाणे आत घेतला. पुढचा भाग दीड इंच लांब कापला आणि बाजूच्या शिवणीला तो जास्तीचा दीड इंच काखेखालच्या टक्समध्ये घेतला, म्हणजे पुढची आणि मागची शिवण सारखी जुळली. कुर्त्याची उंची ४२वरून ३९ केली आणि कट दोन इंच वरून सुरू केला, नाहीतर चालताना काकीच्या मांड्या अडकायच्या. माया बाजूला एक-एक इंच ठेवली आहे, हे तिचं नेहमीचं धोरण, कितीही घाई असो.

आणि काय सांगू! काकीनं कुर्ता घातला, एकदा हात वर करून पाहिला, खांदे आपोआप खाली आले. "आता माका सुटल्यासारख्या वाटता," म्हणाली. हात कुठे ठेवू हे त्या सकाळी एकदाही विचारलं नाही.

फोटोतल्या कुठल्या सुरकुत्या ठेवायच्या आणि कुठल्या नाही अशी मागे विचारणा झाली होती म्हणून माझी आताची पारख लिहिते. कोपरात, गुडघ्यात, बसल्यावर पोटावर पडणाऱ्या घड्या अंगाच्या असतात. सरळ उभं केलं की त्या जातात, आणि त्या मी मुळीच पुसत नाही. पण ज्या रेषा सरळ उभं राहिल्यावरही जात नाहीत आणि एकाच जागेकडे बोट दाखवतात, मुंढ्याकडे, छातीच्या टोकाकडे, नितंबाकडे, त्या कापणीच्या चुकीच्या. त्यांच्यावर पोझचा किंवा एडिटिंगचा इलाज करायचा नाही, कपडा टेबलावर परत. ही पारख आधी असती तर माझे दोन रविवार वाचले असते.

आता कॅमेऱ्याकडची माझी स्वतःची चूक. पडवी अरुंद, म्हणून मी सव्वादोन मीटरवरून किट लेन्स २४ मिमीवर ठेवून उभा फोटो घ्यायचे. पुतळ्याला ते चालतं, कारण तो सपाट उभा असतो. माणूस सैल झाला की गुडघा पुढे येतो, हात पुढे येतो. सव्वादोन मीटरवर एक फूट पुढे आलेला गुडघा सोळा टक्के मोठा दिसतो. काकीच्या बाबतीत ते फारच वाईट दिसायचं आणि मी मनात तिच्या बांध्याला दोष द्यायचे. आता अंगणात उतरून साडेचार मीटरवर जाते, ५० मिमीची लेन्स, तोच गुडघा सातच टक्के वाढतो. कॅमेरा तिच्या नाभीच्या उंचीवर, म्हणजे मी जवळजवळ ओणवी. डोळ्यांच्या उंचीवरून घेतला तर चार फूट अकराची बाई आणखी बुटकी होते, आणि गुडघ्याच्या उंचीवरून घेतला तर उगाच खांबासारखी लांब. दोन्ही खोटं. भाचीलाही त्याच अंतरावर आणि तिच्या नाभीशीच धरलं, म्हणून दोघींचे फोटो शेजारी ठेवता येतात.

पोझ म्हणून मी आता काहीच सांगत नाही, काम सांगते. काकीला अंगणातून पायरीवर चढायला लावलं आणि मध्येच माझ्या नवऱ्यानं गडग्यापलीकडून हाक मारली. ती एका पायावर भार टाकून, खांबाला हात लावून वळली, "कोण इलो गो?" तो क्षण. १/५००, एफ ५.६, सलग आठ फ्रेम. दोन बाद, कारण डोळे मिटले. तीनमध्ये दंड छातीला चिकटलेला होता. दंड अंगाला दाबला की तो पसरतो आणि बाहीची शिवणही दिसत नाही, तिथे दोन बोटं फट लागते. उरलेल्या तिनांत कट व्यवस्थित पडला आहे, टाच जराशी उचललेली आहे, आणि चेहऱ्यावर खरंच कोण आलं याची चौकशी आहे. वळेसाराचा प्रयोग मात्र फसला. हात छातीसमोर येतात आणि गळ्यावरचं निळं काम झाकलं जातं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. ओट्यावर मांडीत सूप घेऊन बसवून बघणार आहे, हात खाली राहतील.

रंगाची एक तक्रार राहिली. सकाळी सव्वासातला ऊन लाल जांभ्याच्या जोत्यावर पडतं आणि पांढऱ्या कुर्त्याचा खालचा भाग गुलाबी होतो. ग्रे कार्डनं हे सुटत नाही, कारण वरचा भाग ठीक असतो, तो मग निळसर होतो. जोत्यावर आणि अंगणात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जुन्या पांढऱ्या चादरी अंथरल्या, प्रश्न मिटला. रिफ्लेक्टर घेऊ नका, चादर घ्या. आणि तो हातातला स्टीमर, ऑनलाइन मागवलेला, तो थुंकतो. पाण्याचे डाग सुकेपर्यंत ऊन निघून जातं. या दमट हवेत सुती कपडा पाऊण तासात मरगळतोच, मी परत इस्त्रीवर आले आहे.

पुढचा बेत सातही डिझाइनं तिघींवर घेण्याचा होता. हे लिहिता लिहिता वाटतंय, तो सोडावा. एकच कुर्ता, तिघींच्या तीन मापांत, एकाच पायरीवर, एकाच अंतरावरून, आणि खाली प्रत्येकीची उंची आणि घातलेला साइज. गिऱ्हाईक तिघींपैकी आपल्याजवळची शोधेल. तिसरी जाऊबाई, छाती ४०, बाळ सहा महिन्यांचं, पोट अजून उतरलेलं नाही आणि ती लपवायलाही तयार नाही. तिचा कागद नणंदेनं काल काढला, यावेळी खांदा आधी मोजून. मृगाचा पाऊस लागायच्या आत दोन सकाळी मिळाल्या तर होईल. पडवीतच घ्यावं लागलं तर साडेचार मीटर कुठून आणू हा प्रश्न आहे, माजघराचं दार उघडून आतून बाहेर घ्यायचा विचार करते आहे. पण मग उजेड तिच्या पाठीमागून येईल. बघते.

काकीचे बाजूनं आणि मागून फोटो राहिलेत, टक्स आणि पाठ नीट दिसायला हवी. आज सकाळी मागायला गेले तर ती तोच कुर्ता घालून मासळी बाजारात गेली होती. आता तो दोरीवर वाळतोय, उजव्या बाहीला बांगड्याचा वास आहे असं नणंद म्हणते.