हरवलेल्या पुस्तकांची ओळ

“आणि पुस्तकं फाटली तर भरून कोण देणार?” पंचवटीतल्या एका शाळेच्या व्यवस्थापन बैठकीत आज वाचन उपक्रमाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. ग्रंथपालताई मान खाली घालून बसल्या होत्या.

प्रश्न रास्त आहे. भरपाई ग्रंथपालांच्या माथी असेल तर कपाटाला कुलूप लागणारच, मग पुस्तकं कितीही घ्या.

म्हणून खर्चाच्या तक्त्यात नुकसानीची वेगळी ओळ हवी. तिसरीच्या ४० मुलांसाठी १२० पातळ पुस्तकं, सरासरी ६० रुपयांनी ७,२०० रुपये. दहातलं एक फाटेल किंवा हरवेल असं धरून १२ पुस्तकांचे ७२० रुपये. कव्हर, चिकटपट्टी, नोंदवही यांना ५०० रुपये. एकूण ८,४२०. व्यवस्थापनाने हे मंजूर केलं की ते ७२० रुपये कुणाच्या पगारातून जात नाहीत.

उद्दिष्टात मी आधी ‘वाचनाची गोडी लागेल’ असं लिहिलं होतं. ते खोडलं, कारण मार्चमध्ये ते तपासणार कसं? आता असं आहे: जुलैत प्रत्येक मूल अनोळखी उतारा एक मिनिट मोठ्याने वाचेल, बरोबर शब्द मोजायचे, मग अर्थाचे तीन प्रश्न. मार्चमध्ये तेवढ्याच अवघड, पण नव्या उताऱ्यावर पुन्हा तेच. वेग वाढला आणि उत्तरं चुकली, तर मूल नुसतं उच्चारतंय, समजून घेत नाहीये.

तुमच्या शाळेत हरवलेल्या पुस्तकाचे पैसे कोण भरतं?