एकाहत्तर

12 जानेवारी, रात्री उशिरा

दुपारी वीटभट्टीवरून एक पाच वर्षांची मुलगी आली. वजन तेरा किलो, पोट ढोलासारखं तट्ट. परवापासून उलट्या, आधी खाल्लेलं पडत होतं, आज सकाळपासून हिरवं पाणी. कालपासून शी नाही, वाराही सरलेला नाही. पहाटेच्या उलटीतून वीतभर लांबीचा एक गोल जंत, अॅस्केरिस, पडला, तेव्हा आईने तिला कडेवर घेऊन वडाप गाठली.

पोटाला हात लावला तर बेंबीच्या उजवीकडे खाली एक गोळा लागला. ट्यूमरसारखा टणक नव्हता. ओल्या सुंभाची गुंडाळी पिशवीत भरून वरून चाचपावी, तसं लागत होतं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तेव्हा गोळा दोन बोटं सरकला होता, आणि मला जरा हायसं वाटलं. गोळा सरकतोय म्हणजे आतडं अजून जिवंत आहे, हालचाल करतंय. एक्स-रेत फुगलेली वेटोळी आणि पाण्याच्या पातळ्या दिसल्या. सोनोग्राफीत रुळांसारख्या समांतर रेघा, आणि त्या रेघा हलत होत्या.

आईला विचारलं, याआधी काही औषध दिलं होतं का. चार दिवसांपूर्वी शीतून एक जंत पडला होता, म्हणून दुकानातून जंताचं पातळ औषध आणून पाजलं होतं. बाटली तिने पिशवीत जपून आणली होती. पायरँटेल. चूक तिची नाही, एरवी ते चांगलं औषध आहे. पण पायरँटेल जंताला आखडवतं. थोडे असतील तर आखडलेले जंत आतड्याच्या रेट्याने बाहेर पडतात. ढीगभर असतील तर ते जागच्या जागी एकमेकांत अडकून बसतात.

तोंडाने सगळं बंद केलं. नाकातून राइल्स ट्यूब घातली, सलाइन सुरू केलं, पोटॅशियम भरून काढतोय. जंताचं औषध आत्ता अजिबात नाही. बंद पडलेल्या आतड्यात जंत मारले तर अडथळा तसाच राहील.

13 जानेवारी

रात्रभर दर दोन तासांनी पोट तपासलं. ताप आला, नाडी वाढत गेली, हात लावताच पोट कडक झालं, शीतून रक्त दिसलं किंवा गोळा एका जागी रुतून बसला, तर थांबायचं नाही, सरळ ऑपरेशन. दोन वर्षांपूर्वीच्या एका मुलाची आठवण सारखी येत होती. त्याच्या आतड्याला जंतांच्या भाराने पीळ पडला होता, पोट उघडलं तेव्हा हातभर आतडं काळं झालं होतं आणि तेवढं कापून काढावं लागलं. हिची नाडी मात्र 128 वरून 116 वर आली. सकाळी मिठाच्या पाण्याचा एनिमा दिला.

दुपारी आई खाटेशी बसली होती. म्हणाली, "डॉक्टर, पोटात इतकी पिल्लं कशी हो घातली त्यांनी?"

"पिल्लं नाही ताई. यातला एकेक जंत बाहेरून, वेगवेगळा तोंडात गेलाय."

तिचा विश्वास बसला नाही. जंत पोटात वाढतात असंच आपण सगळे धरून चालतो. हा जंत पोटात मोठा होतो, पण त्याची संख्या तिथे वाढत नाही. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, पण ती सगळी शीबरोबर बाहेर जातात. ताजं अंडं गिळलं तरी काही होत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्याच्यात अळी तयार होते, तेव्हाच ते लागण करू शकतं. त्याचं कवच चिवट असतं आणि मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे आज शी केलेल्या जागेपेक्षा महिन्यापूर्वीची, आता स्वच्छ दिसणारी जागा जास्त धोक्याची. आई म्हणाली, आम्ही हात धुतो. धूत असतीलच. पण पोर दिवसभर झोपडीमागच्या, मोरीचं पाणी मुरणाऱ्या चिखलात खेळतं, आणि तिथूनच उठून भाकरीचा तुकडा घेतं.

मग मी तिला विचारलं, पावसाळ्यात हिला खोकला झाला होता का. झाला होता. गणपतीनंतर दहा-बारा दिवस कोरडा खोकला, रात्री छातीत शिट्टी वाजायची, थोडा ताप. सिरप दिलं आणि बरा झाला. औषधाशिवायही बरा झाला असता, कारण तो जंतांच्या वाटेवरचा खोकला असावा, काळ अगदी जुळतो.

ही वाट मला विद्यार्थी असल्यापासून थक्क करते. अंडं लहान आतड्यात फुटतं. अळी तिथेच राहिली असती तर गोष्ट सरळ होती, पण ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतात जाते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात. तिथल्या बारीक केशवाहिन्यांत ती मावत नाही, म्हणून भिंत फोडून हवेच्या पिशवीत येते. तिथे वाढते, श्वासनळीतून वर चढते, घशाशी येते आणि खोकल्याबरोबर पुन्हा गिळली जाते. दोनेक आठवड्यांचा फेरा मारून त्याच आतड्यात परत. 1922 साली जपानमध्ये कोइनो यांनी स्वतः 2000 अंडी गिळली, न्यूमोनियासारखे आजारी पडले आणि त्यांना आपल्याच थुंकीत अळ्या सापडल्या. त्या दिवसांत शी तपासून काही कळत नाही. मादी अंडी घालू लागेपर्यंत, गिळल्या दिवसापासून, दोन-तीन महिने जातात. रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या असतात.

गणपतीनंतर खोकला, आणि आता संक्रांतीला पोट बंद. मधल्या काळात आलेले जंत वीत-दीड वीत लांब, पेन्सिलीएवढे जाड झाले.

14 जानेवारी

पहाटे चारला सिस्टर धावत आली. वारा सरला! मागोमाग जंत. गोळा मोठ्या आतड्यात उतरला होता.

सिस्टरने एनॅमलच्या ट्रेमध्ये मोजले. अठ्ठावन्न.

पाच वर्षांच्या मुलीचं लहान आतडं चार मीटरच्या आसपास. अठ्ठावन्न जंत टोकाला टोक लावून ठेवले तर चौदा मीटर भरतील. मोठ्या माणसात आणि लहान मुलात जंताची लांबी सारखीच असते, नळी मात्र मुलाची बारीक, आणि लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे सर्वांत अरुंद. या जंतांना चिकटून राहायला आकडे नसतात. आतडं त्यांना सतत खाली ढकलतं आणि ते अंगाच्या जोरावर सतत वर पोहत राहतात. ताप, उपास, औषध, काहीही झालं आणि ते बिथरले की एकमेकांत गुंततात, गुंता त्या अरुंद तोंडाशी येऊन बसतो, आणि भोवतालचं आतडं आवळून धरतं. म्हणून दहा जंतांच्या मुलाला कळतही नाही, आणि हिचं पोट बंद पडतं.

18 जानेवारी

परवा ती पेज प्यायली. काल 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावली. आज आणखी तेरा. एकूण एकाहत्तर. हिमोग्लोबिन कमी आहे, ते वेगळं बघायचं आहे.

अंगणवाडीत 10 फेब्रुवारीला ही गोळी देतात. पण त्या दिवशी हे कुटुंब दरवर्षी भट्टीवर असतं, गावच्या पटावर नाव आणि अंगणवाडीत पोर नाही. भट्टीजवळच्या आशाताईंना मी फोन केला. त्यांनी झोपड्यांतली सोळा मुलं मोजून ठेवली आहेत.

निघताना आईच्या कडेवरचा दीड वर्षाचा धाकटा खोकला. कोरडा. स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना शिट्टी. रक्त तपासायला पाठवलं आणि अर्धी गोळी कुटून पाण्यातून दिली. पण फुप्फुसातल्या अळीपर्यंत ती गोळी नीट पोचत नाही, आज दिली तरी वाटेवरचे उरतात. केसपेपरावर एप्रिलची तारीख लिहून आईला दाखवली. तेव्हाही भट्टी चालू असेल. "त्या दिवशी दोघांना घेऊन ये ताई, शी तपासू," म्हटलं. तिने केसपेपराची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली.