लिंबाचा थेंब आणि पोटदुखी

मानसशास्त्राच्या वर्गात अभिसंधानाचा, म्हणजे अनुभवातून जोड्या जुळून प्रतिक्रिया कशा शिकल्या जातात याचा, पाठ मी लिंबाच्या रसाने सुरू करतो. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ झाकण असलेली छोटी वाटी, तळाशी चमचाभर रस आणि कापूस गुंडाळलेली काडी. तोंडात फोड किंवा जखम असलेल्यांना यातून वगळायचं, ते नोंदी घेतात. मी साठेक शब्दांची यादी संथपणे वाचतो. त्यात ‘कंदील’ हा शब्द पंधरा वेळा येतो. तो ऐकला की साधारण एक सेकंद थांबून रसाची काडी जिभेला लावायची. यादी संपली की मी पुन्हा ‘कंदील’ म्हणतो, पण या वेळी काडीला हात लावायचा नाही. तोंडात पाणी सुटलं का, ते शून्य ते दहाच्या मापात प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं.

प्रयोग साधा असला तरी तो फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. वाटी उघडी राहिली की रसाचा वास आणि रंगच पाणी सोडायला लावतो, कारण लिंबू दिसणं आणि आंबट लागणं ही जोडी आपल्या तोंडाने लहानपणीच शिकलेली असते. म्हणून झाकण आवश्यक. निवडलेला शब्द कुठल्याही आंबट पदार्थाचं नाव असता कामा नये. यादी सुरू होण्यापूर्वी एकदा नुसतं ‘कंदील’ म्हणून आकडा लिहून घ्यायचा, नाहीतर शेवटच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? ‘कंदील’ दर चौथा शब्द म्हणून नेमाने आला तर विद्यार्थी मोजायला लागतात आणि शब्दाऐवजी पाळीच संकेत बनते, म्हणून मधलं अंतर कमीजास्त ठेवायचं. काडी आधी आणि शब्द नंतर असा क्रम झाला तर परिणाम फारच दुबळा येतो. येऊ घातलेल्या गोष्टीची खबर देणारा शब्दच उपयोगाचा, घडून गेलेल्या गोष्टीची खबर ऐकून तोंडाला कसली तयारी करायची? शिवाय हे सगळे आकडे स्वतः सांगितलेले असल्याने अपेक्षेचा रंग त्यांना लागतोच. अचूक मोजायचं असेल तर जिभेखाली कोरडा कापूस एक मिनिट ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन घ्यावं लागतं.

त्या दिवशी आकडे नेहमीसारखेच आले, काहींचे वाढले, काहींचे जागेवरच राहिले. पण नोंदी घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने कागदाच्या कडेला वेगळंच काही टिपलं होतं. पहिल्या पाच-सहा वेळा सगळ्यांनी काडी नीट भिजवून जिभेवर टेकवली, पुढे मात्र कितीतरी जणांची काडी रसाला जेमतेम शिवून यायला लागली. तिने विचारलं, “सर, पाणी सुटणं हे अभिजात अभिसंधान. मग काडी कमी भिजवणं हे काय?”

प्रश्न नेमका होता. पाणी सुटणं कुणी ठरवून करत नाही, ते आधी आलेल्या शब्दाने ओढून काढलं जातं. काडी किती भिजवायची हे मात्र हाताचं काम, आणि ते बदललं ते नंतर मिळालेल्या परिणामामुळे. कमी भिजवलं की आंबटपणा कमी लागतो, म्हणून कमी भिजवणं वाढलं. हे साधक अभिसंधान. एकाच खुर्चीत, एकाच मिनिटात दोन्ही चालू होती. म्हणूनच ‘हा प्रसंग कुठल्या प्रकारचा?’ हा प्रश्न मला परीक्षेच्या कागदावरसुद्धा खटकतो. प्रकार लागतो तो एकेका प्रतिक्रियेला, अख्ख्या प्रसंगाला नव्हे.

यानंतर तिने घरच्या निरीक्षणाची वही पुढे केली. दोन आठवडे घरातलं एक वर्तन निवडून तीन रकान्यांत लिहायचं असा अभ्यास मी दिला होता: आधी काय घडलं, वर्तन काय, लगेच नंतर काय घडलं. तिचा विषय होता सात वर्षांचा भाऊ. रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायची वेळ झाली की त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासून आजार नसल्याचं सांगितलेलं. घरात दोन तट: एक म्हणतो नाटक करतो, दुसरा म्हणतो खरंच दुखतं. वर्ग लगेच तसाच दुभंगला. मी फळ्यावर तीन रकाने आखले आणि तिला एक संध्याकाळ सावकाश वाचायला सांगितली.

दप्तराची चेन उघडल्याचा आवाज येतो. मुलगा खेळणं खाली ठेवतो, खांदे वर घेतो, हात पोटावर जातो. अजून तो काही बोललेला नाही. पुस्तक समोर येतं, तळहात ओले झालेले दिसतात. मग तो म्हणतो, “पोट दुखतंय.” आई म्हणते, “बरं, उद्या वाचू.” पुस्तक बंद. काही मिनिटांत तो पुन्हा खेळतो आहे.

चेनच्या आवाजापासून ओल्या तळहातांपर्यंतचा भाग अभिजात अभिसंधानाचा. शाळेत मोठ्याने वाचताना तो अडखळला आणि वर्ग हसला, असं दोन-तीनदा झाल्याचं ताईला ठाऊक होतं. हसणं आणि त्यातून आलेली लाज हा मूळ धक्का. मोठ्याने वाचणं त्याला जोडलं गेलं, मग पुस्तक, मग पुस्तकाची खबर देणारा दप्तराचा आवाज. घाबरल्यावर पोटात गोळा येतो, तो खराच असतो. त्यामुळे ‘नाटक’ हा शब्द मी फळ्यावरून पुसायला लावला.

“पोट दुखतंय” हे वाक्य मात्र साधक बाजूचं. त्याच्यानंतर नकोशी गोष्ट निघून जाते आणि वाक्य उद्यासाठी बळकट होतं. याला ऋण प्रबलन म्हणतात आणि वर्गातली सर्वात चिवट चूक इथेच होते. मुलं ऋण म्हणजे वाईट असं समजून त्याला शिक्षेच्या खात्यात टाकतात. ऋण म्हणजे वजा: काहीतरी काढून घेतलं गेलं. प्रबलन म्हणजे वर्तन वाढलं. वर्तन वाढलं की घटलं हे आधी बघायचं, काही मिळालं की काढलं गेलं हे नंतर. हा क्रम पाळला की गोंधळ बराच कमी होतो. आईच्या ‘उद्या वाचू’लाही हाच नियम लागू आहे. ती तसं म्हणाली की मुलाचं कण्हणं थांबतं, म्हणून तिचं सूट देणंही दर संध्याकाळी पक्कं होत जातं. दोघंही नकळत एकमेकांना शिकवत असतात. यात दोष कुणाचाच नाही.

मागच्या बाकावरून शंका आली: कशावरून सुटका? आई जवळ घेते, पोट चोळते, ते लाडच त्याला हवे असतील तर? शंका रास्त होती, कारण तसं असेल तर ते काही मिळाल्याने वर्तन वाढवणारं धन प्रबलन ठरतं आणि उपाय बदलतो. ओळखायचं कसं, तर या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या झालेल्या संध्याकाळी शोधायच्या. वहीत त्या सापडल्या. दोनदा वडिलांनी काही न बोलता पुस्तक मिटलं आणि ते दुसऱ्या खोलीत गेले. लाड नाहीत, तरी तक्रार तिथेच थांबली. एकदा आजीने मांडीवर घेतलं, पण पुस्तक उघडंच राहिलं, आणि तक्रार चालूच राहिली. कौल सुटकेच्या बाजूने होता. तीन संध्याकाळी म्हणजे पुरावा नव्हे, अंदाज. खात्री हवी तर अशा संध्याकाळी आलटून पालटून मुद्दाम योजाव्या लागतात आणि प्रत्येक प्रकार अनेकदा बघावा लागतो.

आता दोन धागे एकत्र बांधायचे. भीती विरायची तर कुणी न हसता वाचणं घडायला हवं, पुन्हा पुन्हा. पण सुटका दर वेळी त्याच्या आधीच येते. आता कुणी हसत नाही हे शोधायची संधीच मुलाला मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मॉवरर यांनी 1947 मध्ये मांडलेला द्विघटक सिद्धांत हेच सांगतो: भीती एका रीतीने शिकली जाते आणि टाळणं दुसऱ्या रीतीने टिकतं. टाळण्याच्या सगळ्याच उदाहरणांना तो पुरत नाही, अशी टीका पुढे झाली. या वहीला मात्र तो चपखल बसत होता.

उपाय वर्गानेच रचला, मी दुरुस्त्या केल्या. पहिली सूचना होती पूर्ण धडा वाचून घ्यायचा, रडला तरी. ती मी खोडली. रडून दमल्यावर पुस्तक मिटलं जाणार, म्हणजे रडण्यालाच प्रबलन मिळणार. त्याऐवजी सुरुवात दोन ओळींनी, ताईजवळ बसून, चूक झाली तर न हसता शब्द पुरवून. गोळा यायच्या आत थांबायचं, शेवट शांतपणात व्हायला हवा. त्रासाविना तीन-चार दिवस गेले तर एक ओळ वाढवायची, त्रास दिसला तर एक कमी. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती अशीच टप्प्याटप्प्याने घालवली होती. तो खात असताना ससा दर वेळी थोडा जवळ आणायचा.

दुसरा भाग: सुटका बंद करायची नाही, तिचा दरवाजा बदलायचा. “थोडं थांबू या” म्हटलं की लगेच दोन मिनिटांची सुट्टी, मग उरलेल्या ओळी. “पोट दुखतंय”ला मायेने उत्तर द्यायचं, पण वाचन त्यामुळे रद्द होत नाही. सुरुवातीला तक्रार वाढेल, आवाज चढेल, याची कल्पना घरच्यांना आधीच देऊन ठेवायची. नेहमीचं फळ मिळेनासं झालं की वर्तन थोडा काळ उसळतं. नेमकं त्या उसळीला कुणी पुस्तक मिटलं तर मूल शिकतं की एवढ्या मोठ्याने म्हटलं की जमतं. आणि अधूनमधून मिळणारी सूट रोजच्या सुटीपेक्षा जास्त हट्टी वर्तन घडवते, म्हणून घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच हवं. नवं, वेगळं किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं दिसलं तर रकाने बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे.

एक मर्यादा मी ठळक सांगितली. मुलाला अक्षरं ओळखण्यातच अडचण असेल तर भीती गेली तरी वाचन येणार नाही. त्याची वेगळी चाचणी व्हायला हवी, आणि शाळेतलं हसणं थांबल्याशिवाय घरी केलेलं काम दर दिवशी उसवत राहणार. बाईंशी बोलायचं ठरलं.

पाच आठवड्यांनी वही पुन्हा माझ्याकडे आली. बाईंशी बोलणं झालं होतं. वाचन नऊ ओळींवर पोचलं होतं आणि “थांबू या” दिवसाला एखाद्या वेळी येत होतं. मध्ये चार दिवस घरी पाहुणे होते, वाचन बंद. पाचव्या दिवशी चेन वाजली आणि हात पुन्हा पोटावर गेला. समोर तिने लिहिलं होतं, “उत्स्फूर्त पुनःप्राप्ती: विरलेली भीती खंडानंतर आपोआप परतली. परत दोन ओळींवर आलो. पुस्तक मिटलं नाही.”