जेवलीस का, आणि काय?

हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात आईचे फोन तिच्या कामांच्या फटींतून यायचे. सकाळी दूध तापत ठेवलं की एक, बाबा दुकानात गेले की दुसरा, दुपारची झाकपाक झाली की तिसरा आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की हमखास चौथा. पुण्यात कॉटवर बसून मला बार्शीतल्या आमच्या घरातलं सगळं वेळापत्रक कळायचं. नीट पाहिलं तर या सगळ्या वेळा माझ्याच होत्या. दूध तापताना मी ओट्याला टेकून उभी असायची, दुपारी कॉलेजातून आले की तिच्या शेजारी पसरायची. त्या वेळी आता घरात कुणी नसतं, म्हणून फोन उचलला जातो. ती काळजी करतेच. पण प्रत्येक फोन काळजीचा नसतो.

प्रश्न तोच, "जेवलीस का?" आणि माझं उत्तरही तेच, "हो गं, जेवले. सगळं ठीक आहे." मग ती थोडा वेळ गप्प राहायची आणि तासाभरात पुन्हा फोन. माझी चिडचिड व्हायची. पण तिच्या जागी बसून पाहिलं तर "सगळं ठीक आहे" या वाक्यात कळण्यासारखं काहीच नाही. खरंच मजेत असलेली मुलगी हेच म्हणते आणि बाथरूममध्ये रडून आलेलीही हेच म्हणते. दोघींतली आपली कोणती, हे ओळखायला आईला पुन्हा फोन करावाच लागतो.

उपाय सापडला तो मेसच्या जेवणातून. एका रात्री कंटाळून मी ताटच वाचून दाखवलं. "मटकीची उसळ होती, पाणी जास्त. पोळ्या मशीनच्या, कडेला कच्च्या. तीन खाल्ल्या. भात घेतला नाही, ताक घेतलं. वर तू दिलेली शेंगाची चटणी आणि अर्धी कडक भाकरी." पलीकडून पहिल्यांदाच सुस्कारा ऐकू आला. मग तिनं विचारलं, "चटणीत ओला चमचा घालत नाहीस ना?" आणि त्या रात्री पुन्हा फोन आला नाही.

पोळी कच्ची होती हे सांगितल्यावर आईची काळजी वाढेल असं मला वाटायचं. झालं उलटंच. जी मुलगी पोळी कच्ची आहे म्हणून सांगते ती काही लपवत नाही, मग तीन खाल्ल्या हेही खरं असणार, असा तिचा सरळ हिशेब. थोडीशी कुरकूर असल्याशिवाय खुशालीवर आयांचा विश्वास बसत नाही. मात्र कुरकुरीला शेपूट हवं. "गरम पाणी येत नाही" एवढ्यावर थांबायचं नाही. "गरम पाणी सातला संपतं, म्हणून मी साडेसहालाच बादली भरते" असं पूर्ण करायचं. अडचण आणि तिची वाट एकाच वाक्यात गेली की आईच्या डोक्यात रात्रभर फिरायला काही उरत नाही.

खरी परीक्षा पावसानं घेतली. पुण्यात दर पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेचं पात्र भरतं आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. पूल मुळात पात्रातच, अगदी खाली बांधलेला आहे. पाणी वाढलं की पोलीस तो बंद करतात आणि पुणेकर दुसऱ्या पुलावरून जातात. पण टीव्हीवर तोच पूल दिवसभर दाखवतात, खाली लाल पट्टी, वर वार्ताहराची छत्री. बार्शीत बसलेल्या बाईला त्यातून एकच अर्थ लागतो. पुणं बुडालं आणि आपली पोर त्यात आहे.

सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधीच फोन. "तू बाहेर पडू नकोस. सगळीकडे पाणी आहे." "इथे काही नाही गं" म्हणून उपयोग नव्हता, टीव्हीपुढे माझ्या शब्दाला काय किंमत? मी खिडकीशी जाऊन व्हिडिओ कॉल लावला. आधी रस्ता दाखवला, तिथे भाजीची गाडी उभी होती आणि एक आजोबा कोथिंबीर निवडून घेत होते. मग सांगितलं, "तो पूल इथून तीन-चार किलोमीटरवर आहे. आम्ही कोथरूडला, चढावर. नदी तिकडे खाली. आणि माझं कॉलेज हॉस्टेलच्याच आवारात आहे, मला नदी ओलांडावीच लागत नाही." तिनं विचारलं, "कोथिंबीर कितीला गड्डी?" तेव्हा कळलं, आता तिला पटलंय.

पावसात सापडलेल्या, दूर राहणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. घाबरू नकोस म्हणण्याऐवजी आपण कुठे उभे आहोत आणि पाणी कुठे आहे, एवढं दाखवावं. आणि खरोखरच नदीकाठी राहत असाल तर तेही लपवू नये. कुणाकडे वर जाणार आहात ते सांगावं.

राहिला प्रश्न न उचललेल्या फोनचा. लेक्चरमध्ये फोन बॅगेत असतो, बाहेर येऊन पाहावं तर मिस्ड कॉलची रांग, आणि खाली मेसेज, "ऑनलाइन दिसतेस, मग उचलत का नाहीस?" त्या 'ऑनलाइन'नं किती घरांत भांडणं लावली असतील कोण जाणे. यावर आमच्या खोलीतल्या चिपळूणच्या मुलीनं शहाणपण शिकवलं. तिनं कॉलेजचं वेळापत्रकच फोटो काढून घरी पाठवलं होतं. तिची आई ते फ्रीजवर लावून मोकळी. मीही पाठवलं. वर एक भर घातली. नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहायचं असेल तर आधीच कळवायचं: "प्रॅक्टिकल आहे, पाचपर्यंत फोन नाही." सांगून गप्प राहिलं की ती पाचपर्यंत निवांत असते. न सांगता दोनच तास गप्प बसलं की ती बाबांना दुकानातून बोलावून घेते.

रोजचा मोठा फोन रात्री मेसनंतर ठरला. तोही पोट भरल्यावरच. भुकेल्या पोटी आईचा आवाज ऐकला की गळा दाटतो आणि तिच्या कानाला ते लगेच कळतं. रेक्टरबाईंचा आणि चिपळूणवालीचा नंबर तिला देऊन ठेवला आहे. रात्रीचा फोन चुकला आणि पुढच्या तासाभरातही माझा पत्ता लागला नाही, तरच ते लावायचे, असा करार. अजून एकदाही लावलेले नाहीत, पण लिहून ठेवलेत, आणि तेवढ्यानंच तिला झोप लागते असं बाबा सांगतात. बाबा स्वतः फोनवर येतात ते शेवटी, "पैसे आहेत ना?" एवढं विचारून फोन परत देतात. तीही काळजीच, फक्त आखूड.

आता दुपारचा फोन बंद झालाय, सकाळचा कधीमधी येतो. परवा सकाळी आलाच. "अगं, पुण्याला पुन्हा पाऊस सांगितलाय. पूल गेला असेल पाण्याखाली. जाऊ दे, तू चढावर आहेस, मला माहितेय." मी हुश्श करणार तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "पण कोथिंबीरवाला येतो तो रस्ता घसरडा दिसत होता हं. चपला बदल."